मेल सर्व्हरवर होता, फोन आणायला गेलाच नव्हता

प्रश्न : सर, माझ्या बहिणीला मुलाखतीचा मेल पाठवला होता असं कंपनी म्हणते. तिच्या फोनवर व्हॉट्सअ‍ॅप, यूट्यूब सगळं चालू होतं. मेल मात्र तिनं चार दिवसांनी अ‍ॅप उघडलं तेव्हा दिसला, आणि तोवर वेळ निघून गेली होती. कुठलाही एरर नाही, काही नाही. असं कसं होतं? आणि नेमकं कुठं अडकलं हे शोधायचं कसं?

उत्तर : शोधता येतं, आणि त्यासाठी फार काही लागत नाही. तुमच्या बहिणीचा फोन मी पाहिलेला नाही, पण अगदी हेच प्रकरण एका मे महिन्यात माझ्या टेबलावर आलं होतं आणि ते मी मुळापर्यंत तपासलं होतं. मी परभणीत एका महाविद्यालयाच्या मेल सर्व्हरचं काम बघतो, चौदा वर्षं झाली. ती हकीकतच सांगतो.

मुलगी मानवतजवळच्या एका खेड्यातली, एम.एस्सी. वनस्पतिशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला. एप्रिलच्या शेवटी तिनं जालन्यातल्या एका बियाणे कंपनीत प्रशिक्षणार्थी म्हणून अर्ज केला. जालना म्हणजे बियाण्यांचं गाव. आमच्या वनस्पतिशास्त्राच्या मुलींना घरच्यांनी "जा" म्हणावं इतक्या अंतरावरचं काम बहुतेक तिथंच असतं. परभणीहून रेल्वेत बसलं की सेलू, परतूर आणि पुढं जालना. अर्जात महाविद्यालयानं दिलेलाच मेल पत्ता हवा होता, म्हणून तिनं आमच्या सर्व्हरवरचा पत्ता दिला. परीक्षा आटोपून ६ मेला ती गावी गेली.

२३ मेला सकाळी दहाच्या आत ती माझ्या खोलीच्या दारात उभी होती. सोबत वडील होते. मुलगी काही बोलेना, वडीलच बोलले.

"सर, हिला बोलावणं आल्तं म्हणं. आमाला कळलंच न्हाई. फोन तर चालूच होता की हो, रोज बोलायली ती त्याच्यावर."

मग ती म्हणाली, "सर, मेल आलाच नव्हता. काल संध्याकाळी आला. मुलाखत २० तारखेला होऊन गेली. तुमच्या सर्व्हरनं उशिरा दिला का?"

प्रश्न रास्त होता, आणि मला त्याचं उत्तर देणं भागच होतं. सर्व्हरनं खरंच उशीर केला असता तर ती एकटीच अडकली नसती, पाच-सहाशे मुलं अडकली असती. मी तिला खुर्चीवर बसवलं आणि फोन मागितला. एकच गोष्ट बघायची होती. मेल उघडल्यावर वर कोणती वेळ दिसते?

तिथं होतं : ९ मे, दुपारी ४:१२.

इथं बहुतेक जण गोंधळतात, म्हणून जरा थांबून सांगतो. मेलला दोन वेळा असतात. एक, मेल पाठवल्याची आणि सर्व्हरच्या पेटीत पडल्याची. या दोन्हींत सहसा काही सेकंदांचाच फरक असतो, म्हणून त्या एकच धरा. दुसरी, तो मेल तुमच्या फोननं सर्व्हरवरून उचलून आणल्याची. घंटी वाजते ती दुसऱ्या वेळेला. अ‍ॅपच्या यादीत मात्र पहिलीच वेळ दिसते, आणि दुसरी वेळ कुठंच लिहिलेली नसते. "काल आला" हे तिचं म्हणणं खोटं नव्हतं, तिच्या फोनवर तो कालच आला होता. तिनं सांगितलं, काल संध्याकाळी मैत्रिणीचा फोन आला की मी जालन्याला मुलाखत देऊन आले, तू का दिसली नाहीस. ती मानवतच्या बस स्टँडवर होती. तिथंच मेलचं अ‍ॅप उघडलं, आणि मिनिटभरात एकदम तेहेतीस मेल आले. त्यांत सर्वांत जुना ८ मेचा.

वेगवेगळ्या दिवसांचे मेल एकाच मिनिटात कोसळले, तर सर्व्हर आणि पाठवणारा दोघेही सुटले. ते मेल वेळच्या वेळी पेटीत पडत होते, न्यायला कुणी आलं नव्हतं. तुमच्या बहिणीला हेच आधी विचारा : त्या दिवशी अ‍ॅप उघडल्यावर तो एकच मेल आला, की आधीच्या चार दिवसांचे सगळे मिळून आले?

मी मात्र तिथं थांबलो नाही, कारण माझ्याकडे सर्व्हरच्या नोंदी असतात. कुणाचा फोन कधी येऊन विचारून गेला, हे त्यात सेकंदासह लिहिलेलं असतं. तिला विचारून, तिच्यासमोरच मी तिच्या खात्याच्या नोंदी काढल्या. लांब ओळींतला मधला भाग गाळून देतो :

```
May  7 20:11:08 imap-login: Login: user=<ms0417>
May  7 20:26:09 imap-login: Login: user=<ms0417>
May  7 20:41:09 imap-login: Login: user=<ms0417>
May  9 16:12:37 lmtp(ms0417): saved mail to INBOX
May 22 18:03:51 imap-login: Login: user=<ms0417>
```

पहिल्या तीन ओळींचा ठेका बघा. दर पंधरा मिनिटांनी फोन येतोय, "काही आहे का?" विचारतोय आणि जातोय. त्याआधीची दोन-तीन पानंही अशीच होती. ७ मेच्या रात्री ८:४१ ला तो शेवटचा आला. ९ मेला कंपनीचा मेल पेटीत पडला. त्यानंतर थेट २२ मेची संध्याकाळ, मानवतचा बस स्टँड. मधले पंधरा दिवस पूर्ण कोरे. मेल पेटीत पडल्याच्या नोंदी तेवढ्या होत्या, बाकीच्या बत्तीस मेलच्या. त्या मी वर दिलेल्या नाहीत.

तो कोरेपणाच इथं मोलाचा पुरावा होता. पासवर्ड बदलला असता किंवा चुकला असता, तर फोन येत राहिला असता आणि दारातून परत गेला असता. मग नोंदीत `auth failed` अशा ओळींची रांग लागते. दर सहा महिन्यांनी आम्ही पासवर्ड बदलायला लावतो, तेव्हा या रांगा मी शेकड्यानं बघतो. इथं एकही नव्हती. फोन दारापर्यंतही आला नव्हता. म्हणजे खातं नीट, पासवर्ड नीट, सर्व्हर नीट. फोननंच त्या अ‍ॅपला उठू दिलं नव्हतं.

मी विचारलं, "७ तारखेला रात्री काय केलंस फोनमध्ये? नवीन काही टाकलं? काही बंद केलं?"

तिला आठवेना. वडिलांना आठवलं. त्या आठवड्यात गावात लाइट फार जात होती, रात्री सात-आठ तास नसायची. फोनची बॅटरी जुनी, लवकर उतरायची. "मीच म्हणलो हिला, बॅटरी जपून वापर, माझा बी फोन बंद पडलाय." मग तिलाही आठवलं. फोननं स्वतःच सूचना दाखवली होती की अमुक इतकी अ‍ॅप मागं चालू राहून बॅटरी खातायत, मर्यादा घालू का? तिनं हो म्हटलं. त्या यादीत मेलचं अ‍ॅप होतं. दर पंधरा मिनिटांनी जागं होणारं अ‍ॅप अशा यादीत वरच येणार.

तिच्या सेटिंगमध्ये जाऊन आम्ही ते अ‍ॅप उघडलं. बॅटरीच्या पानावर तीन पर्याय असतात : `Unrestricted`, `Optimized`, `Restricted`. खूण तिसऱ्यावर होती. वडील बाजूला वाकून बघत होते. त्यांनी विचारलं, "म्हंजी फोननं इचारलं आन् हिनं हो म्हणलं, एवढंच?" हो, एवढंच. ती त्या शब्दाकडे बराच वेळ बघत बसली.

आता तुमच्या प्रश्नातल्या सर्वांत महत्त्वाच्या भागाकडे येतो, कारण तोच तिच्या वडिलांनीही विचारला होता : व्हॉट्सअ‍ॅप येतं, मग मेल का येत नाही?

दोघांची रीतच वेगळी आहे. अँड्रॉइड फोनमध्ये गुगलच्या सर्व्हरशी एक ओळ, म्हणजे जोडणी, कायम उघडी असते. व्हॉट्सअ‍ॅपला तुमच्यासाठी काही आलं की त्यांचा सर्व्हर त्या ओळीवर टकटक करतो आणि फोन व्हॉट्सअ‍ॅपला उठवतो. जीमेलचं अ‍ॅपही याच वाटेनं उठतं. व्हॉट्सअ‍ॅप स्वतः झोपलेलं असलं तरी चालतं, उठवणारा जागा असतो. महाविद्यालयाचा किंवा एखाद्या संस्थेचा साधा मेल आयमॅपनं, म्हणजे सर्व्हरवरची पेटी फोनमधून वाचण्याच्या रीतीनं, फोनच्या मेल अ‍ॅपमध्ये जोडलेला असतो, तेव्हा असा उठवणारा सहसा नसतो. आमच्या सर्व्हरला त्या ओळीवर टकटक करता येत नाही. फोननं उठायचं, यायचं आणि विचारायचं. रेशन दुकानात माल आला की दुकानदार घरोघर सांगत फिरत नाही, आपणच चक्कर मारतो. चक्कर मारणारा माणूसच घरी झोपवून ठेवला, तर माल येऊन पडला तरी घरात कळणार कसं?

आयमॅपमध्ये दारातच ताटकळत थांबायचीही सोय आहे, म्हणजे जोडणी उघडी ठेवून मेल पडताच कळतं. पण ताटकळायलाही अ‍ॅप जागं लागतं, आणि त्यालाही बॅटरी लागते. तिच्या फोनमधलं अ‍ॅप तसं थांबणाऱ्यांतलं नव्हतं, ते पंधरा मिनिटांनी येऊन जाणारं होतं. अँड्रॉइडवर ठरावीक अंतरानं होणाऱ्या पार्श्वभूमीच्या कामाला साधारण पंधरा मिनिटांपेक्षा कमी अंतर मिळतच नाही, म्हणून तुम्हालाही बहुतेक अ‍ॅपमध्ये हाच आकडा दिसेल.

आणि तो आकडाही वचन नसतो. २०१५ मध्ये आलेल्या अँड्रॉइड ६ पासून अशी व्यवस्था आहे की फोन चार्जिंगला नसेल, हलत नसेल आणि पडदा बंद असेल, तर काही वेळानं अ‍ॅपचं नेटवर्क तोडलं जातं आणि मधूनमधून थोडा वेळ उघडलं जातं. २०१८ च्या अँड्रॉइड ९ पासून तुम्ही कोणतं अ‍ॅप किती वापरता यावरून त्यांचे गटही पडतात. रोजचं अ‍ॅप पुढच्या गटात, क्वचित उघडलं जाणारं मागच्या. मागच्या गटातल्या अ‍ॅपचं काम काही तासांनी, अगदी दिवसभरानंही लांबू शकतं. सुट्टीत महाविद्यालयाचा मेल कोण उघडतं? ते अ‍ॅप आपोआपच मागं ढकललं जातं.

म्हणून उशीर किती झाला यावरून कारणाचा अंदाज बांधता येतो. रात्रीचा मेल सकाळी फोन उचलल्यावर आला, तर ती नेहमीची झोप आहे, तिच्यामागं लागू नका. काही तास ते एक दिवस उशीर होत असेल, तर अ‍ॅप मागच्या गटात गेलंय. आणि तुम्ही उघडेपर्यंत आलाच नाही, मग ते चार दिवस असोत की पंधरा, तर अ‍ॅपला पूर्ण बंदी आहे किंवा आपोआप मेल आणण्याची सेटिंगच बंद आहे. तुमच्या बहिणीचे चार दिवस मला या तिसऱ्या प्रकारातले वाटतात. काही फोनमध्ये `Restricted` हा शब्द नसतो. तिथं "झोपलेली अ‍ॅप" किंवा "गाढ झोपलेली अ‍ॅप" अशी वेगळी यादी असते, किंवा अ‍ॅपनं आपोआप सुरू होण्याची परवानगी वेगळी द्यावी लागते. नावं बदलतात, परिणाम तोच.

मग पंधरा दिवसांत तिला शंका कशी आली नाही? हा प्रश्न मला टोचत होता, कारण मुलगी हुशार आणि नीटनेटकी होती. अर्जाची प्रत, पावती, सगळं फाइलमध्ये लावून आणलं होतं. दोन गोष्टी निघाल्या.

पहिली, तिचं स्वतःचं जीमेल वेगळ्या अ‍ॅपमध्ये होतं आणि ते व्यवस्थित वाजत होतं. दिवसाला दहा-बारा घंट्या. "मेल चालू आहे" ही तिची खात्री त्या घंट्यांवर उभी होती. एका पेटीच्या आवाजात दुसऱ्या पेटीची शांतता झाकली गेली.

दुसरी गोष्ट ऐकून मला वाईट वाटलं. १३ मेला तिनं मेलचं अ‍ॅप उघडलं होतं. शेतात, लिंबाखाली, वडिलांसाठी डबा घेऊन गेली होती तेव्हा. वर गोल फिरलं, थांबलं आणि यादी दिसली. सर्वांत वर ७ मेचा ग्रंथालयाचा मेल. तिनं मानलं की नवीन काही नाही, आणि फोन ठेवून दिला. प्रत्यक्षात तिथं रेंजच नव्हती. अ‍ॅपनं फोनमध्ये आधीच साठवलेली यादी दाखवली होती. होकार कळवायची मुदत १४ मेची संध्याकाळ होती. म्हणजे तिनं बघितलं तेव्हा एक दिवस हातात होता.

माझा खरा राग आहे तो या पडद्यावर. रिकामी पेटी आणि न आणलेली पेटी, दोन्ही हुबेहूब सारख्या दिसतात. "शेवटचं कधी तपासलं" ही एक ओळ यादीच्या वर असती, तर १३ मेलाच तिला "सहा दिवसांपूर्वी" असं दिसलं असतं आणि ती बांधावर जाऊन रेंज शोधत उभी राहिली असती. काही मेल अ‍ॅपमध्ये ही ओळ असते. तिच्या अ‍ॅपमध्ये नव्हती. फोननं बॅटरीची परवानगी मागितली तेव्हाही "यानं तुमचे मेल येणं थांबेल" असं साध्या शब्दांत सांगितलं नव्हतं. आणि आमचाही वाटा आहे. पहिल्या वर्षाला आम्ही मुलांच्या फोनमध्ये हे खातं जोडून देतो, पण बॅटरीच्या या पानाबद्दल एक अक्षर सांगत नव्हतो. त्या जूनपासून सांगतो, आणि प्रत्येकाच्या फोनमध्ये ते पान उघडून दाखवतो.

तिच्या वडिलांना वाटत होतं की महाविद्यालयानं कंपनीला पत्र द्यावं, मेल मिळाला नाही म्हणून. मी नाही म्हटलं, आणि कारणही सांगितलं. कंपनीच्या सर्व्हरकडे पोच असते. त्यांनी मेल दिला तेव्हा आमच्या सर्व्हरनं `250` म्हणजे "स्वीकारला" असं उत्तर दिलेलं आहे, तारीख-वेळेसह. "मिळाला नाही" असं लिहिलं असतं तर ते त्यांच्या नोंदीशी जुळलं नसतं, आणि मुलगी उगाच खोटी पडली असती. तिनं तिथंच बसून स्वतः लिहिलं : आपला ९ मेचा मेल माझ्या पत्त्यावर वेळेत पोहोचला होता. माझ्या फोनमधलं मेल अ‍ॅप पार्श्वभूमीत बंद राहिल्यामुळे तो मी २२ मे रोजी वाचला. होकार वेळेत कळवू शकले नाही याबद्दल दिलगीर आहे. जागा शिल्लक असल्यास कोणत्याही दिवशी येऊ शकते. खाली फोन नंबर. चार ओळी, रडगाणं नाही. तुमच्या बहिणीनं अजून कंपनीला लिहिलं नसेल तर आजच लिहावं, आणि हेच खरं तसंच लिहावं.

दोन दिवसांनी उत्तर आलं. जागा भरल्या होत्या. पुढच्या भरतीच्या वेळी अर्ज करावा आणि अर्जात या पत्रव्यवहाराचा उल्लेख करावा, असं त्यांनी लिहिलं होतं.

फोनची दुरुस्ती दोन मिनिटांची होती. मेल अ‍ॅपची बॅटरी `Unrestricted` वर नेली. खात्याच्या सेटिंगमध्ये आपोआप मेल आणण्याचा पर्याय चालू आहे ना आणि अंतर पंधरा मिनिटांचं आहे ना, ते बघितलं. डेटा बचतीचा पर्याय चालू होता, त्यात या अ‍ॅपला सूट दिली. `Unrestricted` नं बॅटरी जरा जास्त जाते हे खरं. पण एकाच अ‍ॅपला दिलं तर तो फरक सोसण्यासारखा असतो. बॅटरीच वाचवायची असेल तर पडद्याचा उजेड कमी करा.

यानंतरची तपासणी मात्र बहुतेक जण चुकीची करतात. सेटिंग बदलतात, दुसऱ्या फोनवरून स्वतःला मेल पाठवतात, अ‍ॅप उघडतात, मेल दिसतो, आणि म्हणतात झालं. ही परीक्षा काहीच सांगत नाही. उघडल्यावर बंदी घातलेलं अ‍ॅपही मेल आणतं, तिच्या अ‍ॅपनं बस स्टँडवर आणलेच की. परीक्षा झोपेची घ्यायची आहे, म्हणून फोनला झोपू द्यावं लागतं. चार्जर काढा, वायफाय बंद करून मोबाइल डेटावर ठेवा, पडदा बंद करा आणि फोन तासभर टेबलावर पडू द्या, हातही लावू नका. मग दुसऱ्याच्या फोनवरून त्या पत्त्यावर मेल पाठवा आणि घड्याळ बघा. न उचलता अर्ध्या-पाऊण तासात घंटी वाजली, तर दुरुस्ती झाली. नाही वाजली, तर अजून कुठंतरी अडसर आहे. तो बहुधा फोन बनवणाऱ्यानं ठेवलेल्या स्वतंत्र बॅटरी अ‍ॅपमध्ये किंवा आपोआप सुरू होण्याच्या परवानगीत सापडतो. तिचा फोन आम्ही माझ्या टेबलावर ठेवला आणि तिघं चहाला गेलो. परत येऊन, तासाभरानं मी मेल पाठवला. एकोणीस मिनिटांनी वाजला.

ब्राउझरमध्ये मात्र ही भानगड नसते. तिथं उघडलेली पेटी ही सर्व्हरवरचीच पेटी असते, फोनमधली साठवण नव्हे. म्हणून शंका आली की पहिली तपासणी तिथं करा : ब्राउझरमधल्या पेटीतला सर्वांत वरचा मेल आणि अ‍ॅपमधला सर्वांत वरचा मेल, दोघांच्या तारखा शेजारी ठेवा. सारख्या असतील तर काही अडलेलं नाही. अ‍ॅपची तारीख मागं असेल, तर ती तारीखच सांगते की आणणं कधी थांबलं. मग त्या दिवशी फोनमध्ये काय केलं ते आठवा. तिच्या बाबतीत नोंदी नसत्या तरी १३ तारखेला एवढ्यावरून ७ मे ही तारीख हाती आली असती. आणि मेल ब्राउझरमध्येही नसेल, तर स्पॅमची पेटी बघा, मग जागा भरली आहे का बघा. गुगलच्या फुकट खात्यात मेल, ड्राइव्ह आणि फोटो मिळून १५ जीबीच जागा असते. ती पूर्ण भरली की मेल आतच येत नाही, पाठवणाऱ्याकडे परत जातो. तो वेगळा आजार, फोनशी त्याचा संबंध नाही.

तुमच्या बहिणीकडे आयफोन असेल तर जागा वेगळी : मेलच्या सेटिंगमधलं `Fetch New Data`. तिथं `Automatically` निवडलेलं असेल, तर फोन चार्जिंगला आणि वायफायवर असतानाच मागून मेल आणतो. गावी वायफाय नसेल तर आणणारच नाही. कमी बॅटरीचा पर्याय, म्हणजे `Low Power Mode`, चालू केला तरी मेल आणणं थांबतं.

अर्ज केलेल्या मुलांना मी आता आणखी एक सोय करून देतो. महाविद्यालयाच्या पेटीत पडलेल्या प्रत्येक मेलची प्रत सर्व्हरवरूनच त्यांच्या जीमेलला पाठवायची. फोन झोपलेला असला तरी सर्व्हर झोपत नाही, आणि जीमेलचं अ‍ॅप त्या टकटक करणाऱ्या ओळीनं उठतं. याला एक मर्यादा आहे. असा पुढं पाठवलेला मेल कधीकधी जीमेलच्या स्पॅममध्ये पडतो, कारण कंपनीच्या नावाचा मेल आमच्या सर्व्हरकडून आलेला गुगलला संशयास्पद वाटतो. म्हणून मूळ प्रत महाविद्यालयाच्या पेटीत राहू द्यायची, आणि सुरुवातीला आठ-दहा दिवस स्पॅम उघडून बघायचं. तुमच्या बहिणीच्या महाविद्यालयात ही सोय आहे का, ते तिथल्या संगणक विभागात विचारा. सर्व्हर कुठलाही असो, काम पाच मिनिटांचं असतं. आणि मुलाखतीच्या मेलनंतर फोन करणाऱ्या कंपन्या पुष्कळ असल्या तरी सगळ्या करत नाहीत, म्हणून अर्जानंतरचे तीन आठवडे रोज रात्री एकदा ब्राउझरमध्ये पेटी उघडा म्हणावं. आमची मुलगी आता जेवणानंतर उघडते, वडील आठवण करतात.

ऑक्टोबरात ती गुणपत्रक न्यायला आली होती. म्हणाली, "सर, नोंदी बघा की, येतो का फोन." तिच्यासमोरच काढल्या. आदल्या रात्री ती गावी होती, लाइट नव्हती म्हणे.

```
Oct 14 22:47:20 imap-login: Login: user=<ms0417>
Oct 14 23:02:21 imap-login: Login: user=<ms0417>
Oct 14 23:40:05 imap-login: Login: user=<ms0417>
```

तिसऱ्या ओळीवर तिनं बोट ठेवलं. "इथं अडतीस मिनिटं लागली."

"फोन टेबलावर पडून होता ना?"

"हो. मी झोपले होते."